दुरुस्तीचा निरोप

दुरुस्तीचा निरोप : सोपवून झालेल्या कामात वस्तुस्थितीची चूक सापडल्यावर, समोरच्याने विचारण्याआधीच ती कबूल करून दुरुस्ती देऊ करणारा छोटा संदेश. विदर्भातल्या खेड्यांत तो बहुधा व्हॉट्सॲपवर जातो. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील बागेच्या आराखड्यावरून त्याची रीत नीट कळते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण गावात बोलताना जो तो एकरच म्हणतो. त्यामुळे ०.८० हेक्टर ही नोंद आराखडा करणाऱ्याकडून ०.८० एकर म्हणून धरली जाऊ शकते. प्रत्यक्षात ती जमीन ८० आर, म्हणजे जवळपास २ एकर असते. ६ × ६ मीटरवर लागवड केली तर एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा लागते आणि त्या शेतात सुमारे २२२ कलमे बसतात. चुकलेल्या आराखड्यात मात्र ९० च येतात. शेतकऱ्याला आपले शेत पायाखालचे असते, म्हणून हा आकडा त्याला खटकतो; पण कागदावर छापून आलेल्या आकड्यापुढे तो पुष्कळदा गप्प बसतो. म्हणूनच त्याने विचारण्याची वाट न पाहता, आराखडा करणाऱ्यानेच निरोप आधी पाठवावा.

असा निरोप साधारण पुढीलप्रमाणे असतो :

"नमस्कार भाऊ. काल दिलेल्या आराखड्यात माझी चूक झाली. सातबाऱ्यावरचे ०.८० हेक्टर मी एकर धरले. कलमे ९० नाही, २२२ लागतील. ठिबकची लॅटरल ओळीला एक धरून ५४० नाही, सुमारे १,३३० मीटर लागेल. झाडांतले अंतर आणि खड्ड्याचे माप बरोबर आहे, ते बदलू नका. नर्सरीत कलमे सांगितली असतील तर आकडा आजच बदलून घ्या. सुधारित आराखडा संध्याकाळी सातपर्यंत देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत."

यातले 'बरोबर काय आहे' हे वाक्य सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ते नसले की शेतकरी सगळाच आराखडा बाजूला ठेवतो किंवा आखलेले खड्डे पुन्हा मोजायला घेतो. माफी एका ओळीत आटोपलेली बरी. ती लांबली की आकडा खाली ढकलला जातो आणि फोनच्या पडद्यावर दिसतच नाही.

जुनी फाईल तोवर शेंदूरजनाघाटच्या नर्सरीत आणि ठिबकच्या दुकानात पोचलेली असू शकते. म्हणून नव्या फाईलवर 'सुधारित' आणि तारीख लिहितात, ती कोणाकोणाला पाठवायची हे सांगतात आणि वर एक फोन करतात. शेतात असलेला माणूस मेसेज रात्रीच पाहतो.

चुकीचे क्षेत्र ठिबक अनुदानाच्या अर्जात गेले असेल, तर निरोपाने काम भागत नाही. तिथे अर्जदाराला सातबारा घेऊन तालुका कृषी कार्यालयात जावे लागू शकते आणि आराखडा करणाऱ्याने सोबत जाणे रास्त ठरते.