फॉर्म भरताना कॅमेरा उघडला आणि परत आलात तर पान कोरं का होतं?

आमच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी ही तक्रार घेऊन येतं. मोबाईलवर अर्ज भरायला घेतलेला असतो. नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, सगळं टाकून होतं. मग कागदाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला जातो, किंवा ओटीपी बघायला मेसेज. परत ब्राउझरवर यावं तर पान क्षणभर पांढरं होतं, वरची निळी रेघ सरकायला लागते आणि समोर पुन्हा पहिल्यापासून कोरा फॉर्म येतो. अनेकांना वाटतं की फोनमध्ये व्हायरस शिरला, नाहीतर नेट गेलं. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. कारण रॅमचं, म्हणजे चालू कामासाठी फोन वापरतो त्या तात्पुरत्या जागेचं असतं आणि ते समजलं की पुढच्या वेळी अर्ज वाचवता येतो. म्हणून हे पत्रक.

तुम्ही टाइप केलेलं असतं कुठे?

फॉर्मच्या चौकटीत लिहिलेली अक्षरं तुम्ही ‘सेव्ह’, ‘नेक्स्ट’ किंवा ‘सबमिट’ दाबेपर्यंत सहसा त्या वेबसाइटकडे गेलेलीच नसतात. ती फक्त तुमच्या फोनच्या रॅममध्ये, त्या उघड्या पानाच्या वाट्याला आलेल्या जागेत असतात. क्रोमसारखा ब्राउझर आपला मुख्य भाग आणि उघडलेली पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून सुटी चालणारी कामं म्हणून चालवतो. पानाची प्रोसेस बंद झाली की अक्षरंही गेली. पानाचा पत्ता मात्र ब्राउझरने स्टोरेजमध्ये लिहून ठेवलेला असतो. त्यामुळे टॅब जागेवर दिसतो, पण त्यावर बोट ठेवलं की पान पुन्हा नेटवरून येतं.

कधीकधी काही चौकटी भरलेल्या परत मिळतात. साध्या चौकटींतला मजकूर ब्राउझर अधूनमधून टिपून ठेवतो, म्हणून नाव आणि पत्ता तसाच दिसतो. पण जिल्हा निवडल्यावर तालुके येतात आणि तालुका निवडल्यावर गावं येतात, अशी यादी पान नव्याने उघडतं तेव्हा रिकामी असते. टिपलेलं गाव बसवायला तिथे जागाच नसते. पासवर्डची चौकट मुद्दाम टिपली जात नाही. जोडलेली कागदपत्रं तर पुन्हा जोडावी लागणार असंच धरून चाला. अर्धवट परत आलेला फॉर्म कोऱ्या फॉर्मपेक्षा घातक असतो, कारण सगळं भरलंय असं वाटून माणूस पुढे जातो. असं झालं तर वरपासून एकेक चौकट नीट बघून घ्या.

पान बंद करतं कोण?

अँड्रॉइड स्वतःच. रॅम भरत आली की अँड्रॉइड आधी न वापरलेला भाग रॅममध्येच दाबून लहान करतो. तेवढ्याने भागलं नाही तर एकेक ॲप बंद करायला सुरुवात करतो. हे काम करणाऱ्या भागाचं नाव लो मेमरी किलर. कोणाला आधी बंद करायचं याचा क्रम ठरलेला असतो. तुमच्या डोळ्यांसमोर असलेलं ॲप सगळ्यात शेवटी. गाणं वाजवणारं किंवा रस्ता दाखवणारं ॲप त्याच्या आधी. मागे नुसतं पडून असलेलं ॲप सगळ्यात आधी. तुम्ही कॅमेऱ्यात गेलात की ब्राउझर या मागे पडलेल्या गटात जातो. तुमचा फॉर्म अर्धा भरलेला आहे, हे अँड्रॉइडला कळायचा काही मार्ग नसतो.

कॅमेऱ्यामुळेच हे जास्त का होतं, तेही सांगतो. गॅलरीत ४ एमबीचा दिसणारा १२ मेगापिक्सेलचा फोटो दाबून लहान केलेला असतो. तो तसा लहान होण्याआधी, उघड्या रूपात, एका ठिपक्याला ३ बाइट धरले तरी ३६ एमबी लागतात. शिवाय आजचे कॅमेरे एका क्लिकमागे अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात आणि स्क्रीनवरचं हलतं चित्र वेगळंच. एवढी जागा एका दमात लागते. ३ किंवा ४ जीबीच्या फोनमध्ये ती मोकळी नसते, मग मागची ॲप बंद केली जातात.

एक प्रसंग

काही दिवसांपूर्वी एक ताई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आल्या. ३ जीबी रॅमचा फोन. “दादा, चौथ्यांदा भरतेय. दरवेळी उत्पन्नाच्या दाखल्यापाशी येऊन सगळं जातं. फोन बदलावा लागेल का?” आम्ही त्यांनाच पुन्हा भरायला सांगितलं आणि शेजारी बसून बघितलं. दाखला जोडायचं बटण दाबलं, खाली कॅमेरा आणि फाइल्स असे पर्याय आले, त्यांनी कॅमेरा निवडला. फोटो काढला, बरोबरची खूण दाबली. आधी ब्राउझरचं चिन्ह आलं, मग पांढरं पान, मग कोरा फॉर्म.

हे चिन्ह दिसणं महत्त्वाचं आहे. नुसतं पान पांढरं होऊन पुन्हा आलं तर त्या पानाची प्रोसेस गेली. आधी ब्राउझरचं चिन्ह दिसलं, म्हणजे ॲप पहिल्यापासून सुरू झालं, तर अख्खा ब्राउझरच बंद पडला होता. दुसऱ्या प्रकारात काढलेला फोटो घ्यायला फॉर्म शिल्लकच राहत नाही. कितीही वेळा तसंच केलं तरी तेच होणार.

खात्री करायला आम्ही फोन लॅपटॉपला जोडला आणि ही आज्ञा दिली. अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनवर ती चालते.

```
adb shell dumpsys activity exit-info com.android.chrome
```

ब्राउझर कधी आणि का बंद झाला याच्या नोंदी त्यात येतात. ताईंच्या फोनवर प्रत्येक वेळेसमोर `reason=3 (LOW_MEMORY)` होतं. काही फोन हे कारण स्पष्ट लिहीत नाहीत, तिथे `reason=2 (SIGNALED)` आणि `status=9` दिसतं. एवढ्यावरून रॅमच कारण आहे असं म्हणता येत नाही, पण ॲप बाहेरून बंद केलं गेलं हे कळतं. `reason=10 (USER REQUESTED)` असेल तर ॲप बंद करणारे बहुतेक आपणच असतो, अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवून. या तपासणीसाठी यूएसबी डीबगिंग सुरू करावं लागतं. ते आम्ही तुमच्यासमोर सुरू करतो आणि तुमच्यासमोरच बंद करतो. ते सुरू राहिलं तर काही बँकांची ॲप उघडत नाहीत.

ताईंना फोन बदलावा लागला नाही. आधी फॉर्म न उघडता चारही कागदांचे फोटो काढून घेतले. फोन रीस्टार्ट केला. मग फक्त ब्राउझर उघडून एकच टॅब ठेवला आणि जोडताना कॅमेऱ्याऐवजी ‘फाइल्स’ निवडून तयार फोटो दिले. फाइल निवडायची खिडकी कॅमेऱ्याच्या मानाने फारच कमी रॅम घेते. अर्ज त्याच बैठकीत गेला.

तुम्हीही असंच करा. अर्जात कोणकोणते कागद लागतात आणि प्रत्येकाची केबीची मर्यादा किती, ते आधी वाचा. फोटो काढणं, कापणं, लहान करणं सगळं फॉर्म उघडायच्या आधी उरका. लांब उत्तर लिहायचं असेल तर ते नोट्सच्या ॲपमध्ये लिहून तिथून कॉपी करा, नोट लगेच स्टोरेजमध्ये जाते. फॉर्मला टप्पे असतील तर प्रत्येक टप्प्यावर सेव्ह दाबूनच उठा. ओटीपीसाठी मेसेजचं ॲप उघडू नका. वरची सूचनापट्टी खाली ओढून आकडे वाचा, ब्राउझर त्या वेळी समोरच राहतो. बऱ्याचदा कीबोर्डवरच ओटीपी सुचवला जातो, तो दाबला की झालं.

पैसे भरताना

इथे सगळ्यात जास्त जपा. फी भरायला पान तुम्हाला यूपीआय ॲपमध्ये पाठवतं. पिन टाकून परत येईपर्यंत मागचा ब्राउझर बंद झालेला असू शकतो. मग `ERR_CACHE_MISS` किंवा फॉर्म पुन्हा पाठवायचा का, अशा अर्थाचा प्रश्न दिसतो. लगेच रीलोड दाबू नका आणि दुसऱ्यांदा फी भरू नका. आधी यूपीआय ॲपच्या इतिहासात व्यवहार बघा, मग वेबसाइटवर नव्याने लॉगिन करून तिथली पेमेंटची स्थिती बघा. पैसे गेले असतील आणि तिथे नोंद नसेल तर व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. पान गेलं म्हणून पैसे गेले नाहीत, असं मुळीच समजू नका.

रॅम सोडून दुसरी कारणं

पान परत आल्यावर पुन्हा लॉगिन मागत असेल किंवा सेशन संपल्याचा मजकूर असेल, तर ती बहुधा वेबसाइटची वेळमर्यादा असते. त्यात फोनचा दोष नाही. मोठ्या रॅमच्या फोनवरही पान दरवेळी कोरं होत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्स बघा. `Don't keep activities` बंद असायला हवं आणि `Background process limit` समोर `Standard limit`. कुणीतरी व्हिडिओ बघून हे बदललेलं आम्हाला बरेचदा सापडतं. फोन साफ करणारी, रॅम वाढवून देतो म्हणणारी ॲप काढून टाका. ती मागे पडलेल्या ब्राउझरलाही बंद करू शकतात.

आयफोनमध्येही हेच घडतं. सफारीतलं पान मागे पडलं आणि जागा कमी पडली की ते पुन्हा लोड होतं, उपायही तेच.

आम्ही काय करू शकतो, काय नाही

पुसला गेलेला मजकूर आम्हाला परत आणता येत नाही, कुणालाच येत नाही, कारण तो कुठे साठवलेलाच नव्हता. फोनची रॅम वाढवता येत नाही, ती बोर्डावर जोडलेली असते. सेटिंग्जमधली व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी मंद असतं. तिच्यामुळे ॲप थोडी जास्त वेळ टिकू शकतात, पण तिच्या भरवशावर अर्ज भरायला बसू नका. मुदतीचा, खूप पानांचा अर्ज असेल तर संगणकावर भरा, हाच आमचा सल्ला. त्यासाठी नवा फोन घ्या असं आम्ही सांगणार नाही.

वरचं सगळं करूनही फॉर्म जात असेल तर फोन शक्यतो त्याच दिवशी घेऊन या. ॲप बंद झाल्याच्या नोंदी फोन मोजक्याच ठेवतो, नव्या आल्या की जुन्या निघून जातात. पान साधारण किती वाजता गेलं आणि तेव्हा कोणतं ॲप उघडलं होतं, तेवढं कागदावर लिहून आणा. वेळ जुळली की कारण लवकर सापडतं.