वायफाय फास्ट रोमिंग (आर, के आणि व्ही)

घरात किंवा कार्यालयात एकाच नावाचे वायफाय दोन किंवा अधिक राउटरांवरून मिळत असेल, तर फिरता फोन एका राउटरला सोडून दुसऱ्याला जोडून घेतो. या बदलाला रोमिंग म्हणतात. कधी सोडायचे आणि कोणाला धरायचे हा निर्णय फोन घेतो, राउटर नाही. राउटरच्या सेटिंगमधील `802.11r`, `802.11k` आणि `802.11v` हे पर्याय त्या निर्णयाला मदत करतात किंवा त्यानंतरचे काम लवकर उरकतात. आर आणि के या सुधारणा 2008 साली प्रमाणित झाल्या, व्ही 2011 साली. पुढे 2012 च्या आवृत्तीत तिन्ही मूळ वायफाय प्रमाणकातच सामावल्या. काही राउटरांवर तिन्हींसाठी मिळून ‘Fast Roaming’ असे एकच बटण असते. हे गैरसोयीचे आहे, कारण जुन्या उपकरणांना त्रास होतो तो बहुतेक वेळा यांतल्या एकट्या आरमुळे.

के म्हणजे शेजाऱ्यांची यादी. फोन जोडलेल्या राउटरला विचारतो की या नेटवर्कचे आणखी कोणते राउटर जवळ आहेत, आणि राउटर त्यांचे पत्ते व चॅनेल कळवतो. याचा फायदा 5 गिगाहर्ट्झवर जास्त जाणवतो. भारतात 2018 मध्ये हा पट्टा मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाला आणि त्यात 20 मेगाहर्ट्झचे साधारण 25 चॅनेल बसतात. त्यांपैकी बरेचसे रडारसोबत वाटून वापरायचे असल्यामुळे फोन तिथे स्वतःहून हाक मारत नाही, राउटरची घोषणा ऐकू येईपर्यंत थांबतो. ही घोषणा सहसा दर 102 मिलिसेकंदांनी होते. सगळे चॅनेल असे ऐकत बसायचे तर दोन-अडीच सेकंद सहज जातात. यादी हातात असेल तर एखाद-दुसरा चॅनेल तपासून भागते.

व्ही म्हणजे सूचना. राउटर फोनला सांगतो की तू अमुक राउटरकडे गेलास तर बरे, आणि फोन होकार किंवा नकार कळवतो. या प्रमाणकात झोपलेल्या उपकरणांची बॅटरी वाचवणाऱ्या इतरही सोयी आहेत, पण रोमिंगपुरते महत्त्व या सूचनेलाच.

आर म्हणजे जोडणीतली बचत. पासवर्डच्या नेटवर्कवर नेहमीच्या पद्धतीने नव्या राउटरला जोडताना आठ संदेशांची देवाणघेवाण होते. चार ओळख आणि जोडणीचे, चार एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठरवण्याचे. आरमध्ये किल्ल्यांचे काम पहिल्या चारांतच उरकते. पहिली जोडणी मात्र पूर्ण पद्धतीनेच होते. त्या वेळी तयार झालेल्या मूळ किल्लीवरून पुढच्या प्रत्येक राउटरसाठी वेगळी किल्ली काढली जाते. हे ज्या राउटरांमध्ये चालते त्या गटाला ‘मोबिलिटी डोमेन’ म्हणतात.

खरी बचत किती, हे नेटवर्कवर अवलंबून असते. मोठ्या कार्यालयात किंवा महाविद्यालयात प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते आणि दर जोडणीला मध्यवर्ती सर्व्हरकडे विचारणा होते. त्यात काही शे मिलिसेकंद जातात आणि चालू कॉल तुटक ऐकू येतो. तिथे आर हवेच. घरच्या पासवर्डच्या नेटवर्कवर वाचतात ते फक्त चार छोटे संदेश, म्हणजे सहसा शंभरहून कमी मिलिसेकंद. घरात खरा वेळ जातो तो शोधाशोधीत, आणि तो केमुळे वाचतो.

दोन मजली घराचे उदाहरण घेऊ. खालच्या हॉलमध्ये चॅनेल 36 वर एक राउटर, वरच्या मजल्यावर चॅनेल 100 वर दुसरा, दोघांमध्ये केबल. आयफोनवर व्हिडिओ कॉल चालू ठेवून कोणी जिना चढू लागते. अॅपलने जाहीर केल्याप्रमाणे हा फोन सिग्नल -70 डीबीएमपर्यंत उतरल्यावरच पर्याय शोधू लागतो, आणि डेटा चालू असताना नवा राउटर किमान 8 डीबी वरचढ असेल तरच तिकडे जातो. म्हणजे वरचा राउटर -62 किंवा त्याहून चांगला, शून्याच्या आणखी जवळचा, मिळायला हवा. डेटा चालू नसेल तर 12 डीबीचा फरक लागतो. के चालू असल्यास फोन थेट चॅनेल 100 तपासतो. पण जिन्यात वरच्या राउटरचा सिग्नल -66 च असेल, तर तिन्ही पर्याय चालू असूनही फोन खालच्यालाच चिकटून राहील. अशा वेळी राउटरची जागा किंवा प्रसारणशक्ती बदलावी लागते.

राउटरवर टाकता येणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर ही सेटिंग दोन्ही राउटरांच्या `/etc/config/wireless` मध्ये, त्या वायफायच्या विभागात लिहितात:

```
option ieee80211k '1'
option bss_transition '1'
option ieee80211r '1'
option mobility_domain '4f57'
option ft_psk_generate_local '1'
```

यांतले `bss_transition` म्हणजे व्हीची सूचना. `mobility_domain` दोन्हीकडे अगदी सारखा हवा. इथे के नुसते चालू केल्याने शेजाऱ्यांची यादी आपोआप भरत नाही. राउटरांना एकमेकांची माहिती देण्यासाठी `usteer` सारखे पॅकेज लागते. शेवटच्या ओळीमुळे प्रत्येक राउटर पासवर्डवरून किल्ली स्वतःच काढतो, आणि ती फक्त डब्ल्यूपीए2 पासवर्डसाठी आहे. डब्ल्यूपीए3 मध्ये मूळ किल्ली दर जोडणीला नवी बनते, त्यामुळे प्रत्येक राउटरला ती स्वतःच काढता येत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जोडणीच्या ओळीपुढे `auth_alg=ft` दिसले, की फोन आरच्या मार्गाने आला असे समजावे.

आर जुन्या उपकरणांना का खटकते? के आणि व्ही समजत नसतील तर उपकरण त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष करते. आर मात्र राउटरची जाहीर घोषणाच बदलते. घोषणेत सुरक्षेच्या पद्धतींची यादी असते. तिथे नेहमीच्या पासवर्ड पद्धतीशेजारी आरची दुसरी पद्धत येऊन बसते. नीट लिहिलेला ड्रायव्हर अनोळखी पद्धत सोडून ओळखीची निवडतो. काही जुने प्रिंटर, लॅपटॉप आणि स्वस्त स्मार्ट उपकरणे मात्र अनोळखी नोंद दिसताच अडतात. मग नेटवर्क यादीत दिसतच नाही, किंवा बरोबर पासवर्ड देऊनही चुकीचा म्हणून परत मागितला जातो. लोक पासवर्ड बदलत बसतात, आणि दोष तिथे नसतोच.

खात्री करायला के आणि व्ही तसेच ठेवून फक्त आर बंद करावे आणि प्रिंटर पुन्हा चालू करावा. तो लगेच जोडला, तर कारण सापडले. डब्ल्यूपीए3 आणि ‘संरक्षित व्यवस्थापन संदेश’ या सुरक्षा पर्यायामुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उपकरण पहिल्यांदा जोडले जाते पण मजला बदलल्यावर ‘जोडलेले’ दाखवूनही इंटरनेट मिळत नाही, आणि वायफाय बंद-चालू केले की सुरळीत होते, असे असेल तर दोन राउटरांमधला किल्ल्यांचा मेळ बसत नसल्याचा संशय घ्यावा.

व्हीचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. काही राउटर सूचना न ऐकणाऱ्या उपकरणाला थेट तोडतात. हलता न येणारा जुना प्रिंटर पुन्हा त्याच राउटरला जोडतो, पुन्हा तोडला जातो. नोंदवहीत ठरावीक अंतराने तोच पत्ता येता-जाता दिसला, तर ही सक्ती बंद करावी.

घरासाठी के आणि व्ही चालू, आर बंद, इथून सुरुवात करणे योग्य. कॉल तरीही तुटत असतील तर आर चालू करून जुन्या उपकरणांसाठी 2.4 गिगाहर्ट्झवर वेगळ्या नावाचे, आर नसलेले वायफाय द्यावे. राउटरच जुना असेल, तर 2017 नंतर त्याला सुरक्षा अपडेट मिळाले आहे का ते आधी पाहावे. त्या वर्षी वायफायच्या किल्ल्या ठरवण्याच्या पद्धतीत उघड झालेल्या ‘क्रॅक’ त्रुटींपैकी बहुतेक फोन-लॅपटॉपच्या बाजूच्या होत्या, पण आरच्या जोडणीतली त्रुटी राउटरच्या बाजूची होती. अपडेट न मिळालेल्या राउटरवर आर बंदच ठेवावे.