सहा टोस्ट आणि पोळी-उसळ: कॅलरी सारख्या, मग अकरा वाजता भूक का?

सकाळी आठला चहात बुडवून सहा टोस्ट खाल्ले, किंवा एक पोळी आणि वाटीभर मटकीची उसळ खाल्ली, तर दोन्हीत साधारण 240 ते 250 कॅलरी मिळतात. म्हणून हे दोन्ही नाश्ते सारखेच, असं पुष्कळांना वाटतं. पण टोस्ट खाणाऱ्याला साडेदहा-अकराला पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं आणि उसळ खाणारा बहुधा जेवणापर्यंत निभावून नेतो. यात इच्छाशक्तीचा संबंध फार कमी आहे. टोस्ट खाऊन भूक लागली म्हणून स्वतःला खादाड ठरवणारी माणसं मी पाहते, तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

टोस्ट तोंडात चहाबरोबर विरघळतो. चावायला काही उरत नाही आणि पाच मिनिटांत बशी रिकामी होते. मैद्यातला कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, त्यामुळे उरलेल्या पिठूळ भागावर पाचकरसांचं काम झटपट होतं. साखर रक्तात लवकर उतरते, अर्ध्या-पाऊण तासात वर जाते आणि ती खाली आणायला इन्सुलिन येतं. काही जणांत ही साखर दोन-तीन तासांनी, खाण्याआधी होती त्याहूनही थोडी खाली घसरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी सहभाग घेतलेला, हजाराहून जास्त लोकांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर अशी जास्त घसरत होती, त्यांना भूक जास्त लागत होती आणि पुढचं खाणंही ते लवकर खात होते. साखर किती वर चढली यापेक्षा ती नंतर किती घसरली, यावरून भुकेचा अंदाज अधिक चांगला येत होता. एकच नाश्ता करूनही दोघांची घसरण वेगळी होती, हेही लक्षात ठेवायला हवं. नवऱ्याला टोस्ट पुरतात म्हणून बायकोला पुरतीलच असं नाही.

आता उसळीकडे पाहू. वाटीभर उसळीसाठी साधारण 30 ग्रॅम कोरडी मटकी लागते. तिच्यातून 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, पोळीतून आणखी 3. सहा टोस्टमधून मात्र 5-6 ग्रॅमच मिळतात. तंतूंचा फरक तर याहून मोठा आहे: टोस्टमध्ये जेमतेम दीड-दोन ग्रॅम, पोळी-उसळीत आठच्या आसपास. प्रथिनं आतड्यात पोचली की तिथून पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं सुटतात आणि भूक जागी करणारं घ्रेलिन जास्त वेळ दबून राहतं. शिवाय शिजलेली मटकी पाणी धरून असते. 60 ग्रॅम टोस्टच्या जागी पोटात जवळजवळ 200 ग्रॅम अन्न जातं, त्यामुळे जठर ताणलं जातं, आणि हा ताण हाही भूक थांबवणारा एक इशारा आहे. चहाने पोट फुगल्यासारखं वाटतं खरं, पण पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतो.

इथे एक पळवाट बऱ्याच जणांना सुचते: मग कणकेचा टोस्ट घेऊ! मैदा आणि कणीक यांच्यातल्या प्रथिनांत फारसा फरक नाही, दोन्हींत 100 ग्रॅममागे 10 ग्रॅमच्या थोडं वर असतात. फरक आहे तो तंतूंचा: मैद्यात तीनच्याही आत, कणकेत अकराच्या आसपास. पण गहू अगदी बारीक दळून त्याचा पाव केला, तर रक्तातली साखर जवळपास पांढऱ्या पावाइतक्याच वेगाने चढते. कणकेच्या टोस्टने थोडं बरं होईल, पण उसळीचं काम तो एकटा करू शकणार नाही. पाकिटावर घटकांच्या यादीत पहिला मैदा असेल, तर पुढे छापलेल्या गव्हाच्या ओंब्यांवर जाऊ नका.

खारीचं काय? तिच्यात मैद्याबरोबर भरपूर तूप किंवा वनस्पती तूप असतं, त्यामुळे साखर हळू चढते. तरी पोट भरत नाही. सिडनी विद्यापीठात 1995 मध्ये 240 कॅलरींचे 38 पदार्थ लोकांना खायला देऊन पोट किती भरलं ते मोजलं होतं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर खारीसारखाच पापुद्र्यांचा क्रोसाँ 47 वर, सगळ्यांत खाली होता. अंड्यांना 150 होते. म्हणजे सगळा दोष साखरेच्या चढ-उतारावर टाकून भागत नाही.

आपल्या बाबतीत काय होतं ते घरीच कळतं. चहा तोच, वेळ तीच ठेवून एक दिवस टोस्ट आणि दुसऱ्या दिवशी पोळी-उसळ खा, आणि भूक किती वाजता लागली ते लिहून ठेवा. सकाळी उसळ जमत नसेल, तर टोस्ट दोनवर आणून सोबत उकडलेलं अंडं किंवा मूठभर भिजवलेले हरभरे घेता येतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. त्यांना भुकेबरोबर थरथर आणि घाम आला, तर ती साधी भूक समजू नये. लगेच साखर तपासावी, आणि 70 च्या खाली असेल किंवा तपासायला यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.