चादरीची ग्रीन स्क्रीन आणि कडेची हिरवी किनार

एकरंगी हिरवी चादर मागे ताणून तिच्यापुढे बोलणाऱ्या माणसाचे चित्रण करायचे, मग सॉफ्टवेअरमध्ये तो हिरवा रंग पारदर्शक करून त्या जागी दुसरे दृश्य बसवायचे, ही घरगुती ग्रीन स्क्रीनची पद्धत. रंग ओळखून काढून टाकण्याच्या क्रियेला क्रोमा कीइंग किंवा नुसते कीइंग म्हणतात. स्टुडिओतल्या रंगवलेल्या भिंतीपुढे हेच काम होते, तत्त्वही तेच असते. घरी मात्र कापडाला सुरकुत्या असतात, जागा कमी पडते, कॅमेरा बहुधा मोबाइलचा असतो, आणि या तिन्हींचा परिणाम एकाच ठिकाणी उमटतो. कान, केस आणि खांद्यांभोवती हिरवी किनार उरते. ही किनार सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येते, पण तिचे मूळ बहुतेक वेळा चादरीपाशी असते.

हिरवा रंग निवडण्याची कारणे दोन. माणसाच्या त्वचेत लाल रंगाचा भाग जास्त असतो, त्यामुळे चेहरा आणि पडदा सहज वेगळे ओळखता येतात. शिवाय नेहमीच्या कॅमेरा सेन्सरवर लाल आणि निळ्या रंगाच्या प्रत्येक एका पेशीमागे हिरव्याच्या दोन पेशी असतात, म्हणून हिरव्याची नोंद अधिक स्वच्छ होते. अंगात हिरवे कपडे असतील तर निळी चादर वापरतात.

कीइंग करणारे सॉफ्टवेअर ‘हा पिक्सेल हिरवा आहे का’ एवढेच पाहत नाही, तो किती हिरवा आहे हे मोजते. पेट्रो व्लाहॉस यांनी फिल्मच्या काळात निळ्या पडद्यासाठी बसवलेली रंगफरकाची पद्धत आजही अनेक कीअरच्या मुळाशी आहे. हिरव्या पडद्यासाठी ती अशी वापरतात: पिक्सेलच्या हिरव्या आकड्यातून लाल आणि निळा यांपैकी जो मोठा असेल तो वजा करायचा. समजा नीट उजळलेल्या चादरीचा रंग लाल ६०, हिरवा १६०, निळा ७० आहे. फरक ९० येतो आणि हा पिक्सेल पूर्ण पारदर्शक धरला जातो. फरक शून्य किंवा त्याहून कमी आला तर पिक्सेल पूर्ण अपारदर्शक, आणि मधले आकडे अर्धपारदर्शक. यातून जे काळे-पांढरे चित्र तयार होते त्याला मॅट म्हणतात. त्यात पांढरे ते राहते, काळे ते जाते आणि करडे ते अर्धवट दिसते.

सुरकुतीचे काय होते ते याच हिशोबात दिसते. घडीच्या सावलीत त्याच चादरीचा रंग समजा २५, ६५, ३० झाला. डोळ्याला तो गडद हिरवाच दिसतो, पण फरक उरला फक्त ३५. म्हणजे ९० पैकी ३५ एवढाच भाग पारदर्शक झाला आणि सुमारे ६१ टक्के चादर मॅटमध्ये शिल्लक राहिली. नव्या पार्श्वभूमीवर धुरकट पट्टा दिसतो तो हाच. तो घालवण्यासाठी मर्यादा वाढवून ६१ टक्क्यांच्या खालचे सगळे पारदर्शक करावे लागते. आता केसांच्या टोकाचा एखादा पिक्सेल घ्या, ज्यात निम्मा केस आणि निम्मी चादर आहे. तो मॅटमध्ये ५० टक्क्यांवर बसलेला असतो, म्हणून सुरकुतीबरोबर तोही नाहीसा होतो. केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. केस वाचवावेत म्हणून मर्यादा खाली आणली की सुरकुती परत येते. सगळी चादर एकसारखी उजळलेली असेल तरच या पेचातून सुटका होते. त्यामुळे चादरीला इस्त्री करणे हे कड साफ करण्याचेच काम आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कापड चमकदार नसावे. साटीनसारख्या कापडावर दिव्याचा पांढरा झोत उमटतो आणि तिथला हिरवेपणा फिका पडतो. चादर पातळ असेल तर मागची भिंत किंवा खिडकी तिच्यातून डोकावते, म्हणून ती दुहेरी करावी आणि मागून उजेड येऊ देऊ नये. वरची कड दांडीला चिमट्यांनी घट्ट धरून बाजूच्या आणि खालच्या कडाही ओढून बांधल्या की बारीक घड्या निघतात. चादरीवर दोन बाजूंनी दोन सारखे मऊ दिवे आणि माणसावर वेगळा दिवा, ही मांडणी सर्वांत भरवशाची. चादर फार उजळवू नये. ती चेहऱ्याइतकी किंवा किंचित कमी उजळ असली तरी पुरते. जास्त उजेड दिला की हिरवा रंग पांढुरका होतो आणि माणसावर त्याचे परावर्तनही वाढते.

हिरव्या किनारीचे मुख्यतः दोन प्रकार असतात, आणि कीइंगला बसण्याआधी ते वेगळे ओळखावे लागतात. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार स्पिल. चादरीवरून परतलेला हिरवा उजेड माणसावर पडतो आणि जबड्याखाली, मानेच्या बाजूला, खांद्यावर, चष्म्याच्या काड्यांवर हिरवट छटा येते. हा पिक्सेल खरोखर माणसाचा असतो, मॅटमध्ये पांढराच असतो, फक्त त्याचा रंग बिघडलेला असतो. कितीही कडक कीइंग केले तरी ही छटा जात नाही. उलट खांद्याला भोके पडतात. उपाय म्हणजे अंतर. माणूस आणि चादर यांत दीड ते दोन मीटर जागा ठेवली तर स्पिल बरेच कमी होते आणि माणसाची सावलीही चादरीवर पडत नाही. खोली लहान असेल तर कॅमेरा थोडा झूम करून चौकट आवळावी. चादर फक्त माणसाच्या आकृतीमागे आणि हात पोहोचतात तिथपर्यंत असली की पुरे. बाकीचा भाग सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपने किंवा हाताने आखलेल्या मास्कने काढता येतो. चौकटीबाहेर पसरलेली चादर कीइंगला काडीचाही उपयोग देत नाही, पण हिरवा उजेड मात्र फेकत राहते. ती दुमडून ठेवावी. जमिनीवर लोळणाऱ्या भागाचे तर हमखास करावे, कारण तोच हनुवटीखाली हिरवा रंग आणतो.

दुसरा प्रकार मिश्र पिक्सेलचा. कडेच्या पिक्सेलमध्ये माणूस आणि चादर दोन्ही मावलेले असतात. वरच्या चादरीपुढे काळसर केस आहेत, त्यांचा खरा रंग ४०, ३०, २५. निम्मा-निम्मा मिसळून कॅमेऱ्यात नोंद होते साधारण ५०, ९५, ४८. फरक ४५, म्हणजे पिक्सेल बरोबर अर्धा पारदर्शक होतो. मॅट चुकलेले नाही, तरीही नव्या पार्श्वभूमीवर हिरवी रेघ दिसते, कारण पारदर्शकता बदलली पण पिक्सेलच्या रंगातला चादरीचा वाटा तसाच राहिला. तो काढण्याच्या क्रियेला डीस्पिल म्हणतात. तिची एक साधी रीत म्हणजे हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीवर रोखणे: ५०, ९५, ४८ चे ५०, ४९, ४८ होते. केसांच्या खऱ्या रंगापेक्षा हा किंचित उजळ आहे, पण हिरवा नाही.

मोबाइलचा कॅमेरा यात भर घालतो. बहुतेक मोबाइल व्हिडिओ ४:२:० पद्धतीने साठवतात. त्यात उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची नोंद चार पिक्सेलच्या चौकोनामागे एकच. म्हणून खांद्याची रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि हिरवा रंग माणसाच्या आत एखादा पिक्सेल घुसतो. यावर सोपा तोडगा आहे: चित्रण ४के मध्ये करावे आणि अंतिम व्हिडिओ १०८०पी ठेवावा. आकार निम्मा झाला की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला स्वतःची रंगनोंद येते. ब्यूटी मोड बंद ठेवावा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करावेत, नाहीतर माणूस हलला की चादरीचा रंग बदलतो आणि जुळवलेले कीइंग मध्येच बिघडते.

एक उदाहरण घेऊ. वक्ता चादरीपासून अर्ध्या मीटरवर बसला आहे, केस काळे, शर्ट पांढरा, आणि सॉफ्टवेअर ओबीएस. तिथल्या क्रोमा की फिल्टरमध्ये Similarity ४००, Smoothness ८० आणि Key Color Spill Reduction १०० असे आकडे आधीपासून भरलेले असतात. या आकड्यांवर खांदे हिरवट दिसतात म्हणून Similarity वाढवला, तर शर्टाच्या बाह्या विरघळू लागतात. आधी वक्ता दीड मीटर पुढे आणावा. मग Key Color Type मध्ये Custom Color निवडून वक्त्याच्या डोक्याशेजारचा चादरीचा रंग घ्यावा, कारण चादरीचा हिरवा हा यादीतल्या तयार हिरव्यासारखा क्वचितच असतो. तिन्ही आकडे अगदी खाली आणून Similarity चादर जेमतेम जाईपर्यंतच वाढवावा, केसांची टोके मऊ होईपर्यंत Smoothness, आणि शेवटी Key Color Spill Reduction थोडा थोडा.

हा शेवटचा सरकपट्टा सर्वांत जपून वापरावा. ओबीएस हिरव्याच्या जवळच्या पिक्सेलचा रंग उडवून त्याच्या उजळपणाइतका करडा करते. उजळपणात हिरव्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे वरचा ५०, ९५, ४८ चा पिक्सेल पूर्ण करडा झाला तर सुमारे ८२ वर जातो, तर खरे केस चाळिशीच्या आत आहेत. हिरवी किनार जाते आणि तिच्या जागी फिकट करडी किनार येते. डाविंची रिझॉल्व्ह किंवा आफ्टर इफेक्ट्समधले कीअर हिरव्याला मर्यादेत रोखू शकतात आणि मॅट आतल्या बाजूला थोडे आवळूही देतात, म्हणून रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओसाठी ते अधिक चांगले. आवळणे एका पिक्सेलपर्यंत खपते. त्यापुढे कान आणि बोटे बारीक होऊ लागतात.

डीस्पिलची किंमत पिवळ्या रंगाला मोजावी लागते. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे सरासरीची मर्यादा त्यातला हिरवा कापते आणि पिवळा शर्ट नारिंगीकडे झुकतो. अशा वेळी सरासरीऐवजी लाल आणि निळा यांतला मोठा आकडा मर्यादा म्हणून धरावा. किनार थोडी राहते, पण शर्टाचा रंग टिकतो.

काम झाले की नाही हे आवडत्या पार्श्वभूमीवर तपासू नये. आधी मॅट पाहावे: माणसाच्या आत करडे डाग नकोत, बाहेर धुके नको. मग मागे सपाट मध्यम करडा रंग ठेवून केस आणि बोटे मोठी करून पाहावीत. पाने-झाडांच्या दृश्यावर हिरवी किनार लपते आणि काळ्यावर करडी किनार उठून दिसते. वेगाने हलणाऱ्या हाताचा धूसर पट्टा तरीही हिरवट राहिला तर शटर १/५० ऐवजी १/१०० वर न्यावे, त्यासाठी उजेड दुप्पट लागतो. चष्म्याच्या काचेत उमटलेले चादरीचे प्रतिबिंब मात्र कोणत्याही सरकपट्ट्याने नीट निघत नाही. चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचलून काच किंचित खाली झुकवली की ते बहुधा काचेतून निघून जाते, आणि हे चित्रणाआधीच करावे लागते.