नायट्रिक आणि ॲसेटिक एका फळीवर नकोत: सेफ्टी डेटा शीट वाचून बाटलीची जागा कशी ठरवावी

जूनमध्ये कॉलेजं उघडतात आणि आमची गाडी फोंड्याहून डिचोली, साखळी, म्हापसा, केपे अशी फिरू लागते. बाहेर पाऊस कोसळत असतो. खोके भिजू नयेत म्हणून ते घाईने आत घेतले जातात आणि बाटल्या जागा दिसेल तिथे चढतात. छोट्या लॅबमध्ये बहुधा एकच नियम पाळला जातो, तो म्हणजे आम्लं सगळी आम्लांच्या फळीवर. हा नियम अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात खरा धोका आहे.

हे पत्रक लॅब असिस्टंट, स्टोअर सांभाळणारे कर्मचारी आणि प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक यांच्यासाठी आहे. सेफ्टी डेटा शीटचे सोळा सेक्शन असतात. ते सगळे पाठ करायची गरज नाही. बाटलीची जागा ठरवण्यासाठी त्यातले चार पुरतात. ते कसे वाचायचे हे एका नेहमीच्या ऑर्डरवरून पाहू: अडीच लिटर नायट्रिक ॲसिड (६९ टक्के), अडीच लिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि अडीच लिटर लिकर अमोनिया (२५ टक्के). कपाटात आधीपासून हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक आणि ॲसिटोन आहे असं धरू.

आधी शीट त्याच बाटलीची आहे ना, हे पाहा

सेक्शन १ मधलं नाव आणि सेक्शन ३ मधली तीव्रता बाटलीच्या लेबलशी जुळवा. नुसता कॅस नंबर जुळला म्हणून थांबू नका. ॲसेटिक ॲसिडचा कॅस नंबर 64-19-7 आहे आणि तो ग्लेशियललाही तोच, पातळ केलेल्यालाही तोच. धोका मात्र तीव्रतेबरोबर बदलतो. ग्लेशियल ॲसेटिक पेट घेऊ शकतं, दहा टक्क्यांचं द्रावण नाही. फाइलमध्ये जुन्या, पातळ मालाची शीट लावलेली असेल आणि ती वाचून तुम्ही ग्लेशियलची जागा ठरवलीत, तर सगळं नीट वाचूनही उत्तर चुकेल.

कंसातला आकडा

आता थेट सेक्शन १४ वर या. तो वाहतुकीचा सेक्शन आहे, म्हणून कॉलेजात तो कोणी उघडत नाही. आम्हाला मात्र पहिली खूण तिथेच मिळते. ग्लेशियल ॲसेटिकचा यूएन नंबर २७८९ आणि वर्ग ८ (३). आमच्या नायट्रिकचा यूएन नंबर २०३१ आणि वर्ग ८ (५.१). बाहेरचा आठ दोघांनाही आहे, कारण दोन्ही कातडी आणि धातू खातात. त्या आठामुळेच दोघं आम्लांच्या फळीवर शेजारी येऊन बसतात. फरक कंसात आहे. तीन म्हणजे ज्वलनशील द्रव, पाच पूर्णांक एक म्हणजे ऑक्सिडायझर. एक स्वतः जळणारं, दुसरं जळण्याला जोर देणारं.

सेक्शन २ मध्ये याचीच साक्ष मिळते. ॲसेटिकला H226 असतो, म्हणजे ज्वलनशील द्रव आणि बाष्प. या नायट्रिकला H272 असतो, म्हणजे आग भडकवू शकणारा ऑक्सिडायझर. हे दोघं मिसळले तर उष्णता निघते, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो आणि आग किंवा स्फोटही होऊ शकतो. तो लगेच होईलच असं नाही, म्हणून सुरुवातीला काही दिसलं नाही तरी निर्धास्त राहू नये.

ॲसेटिकच्या शीटमध्ये सेक्शन ९ सुद्धा एकदा पाहा. ग्लेशियल ॲसेटिकचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३९ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या बंद स्टोअररूमचा पारा त्याच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे ही बाटली पश्चिमेच्या खिडकीपाशी किंवा हॉट एअर ओव्हनच्या शेजारी ठेवू नये.

कंसाचा आकडा खूण आहे, निकाल नाही, हे मात्र लक्षात ठेवा. नायट्रिक ६५ टक्क्यांच्या खाली गेलं की वाहतुकीच्या नियमात तो कंस नाहीसा होतो आणि नुसता आठ उरतो. म्हणून साठ टक्क्यांचं नायट्रिक ॲसेटिकशेजारी बसवता येतं असं मुळीच नाही. लिकर अमोनियाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्याचा यूएन नंबर २६७२, वर्ग ८ आणि कंस रिकामा. हायड्रोक्लोरिकचाही वर्ग ८ आणि कंस रिकामाच. आकडे तंतोतंत सारखे, पण एक अल्क आहे आणि दुसरं आम्ल. म्हणून सेक्शन १४ वरून थेट जागा ठरवू नका. तिथून सेक्शन १० कडे जायचं.

सेक्शन १० दोन्ही बाजूंनी वाचा

१०.५ या उपभागात न जमणाऱ्या पदार्थांची यादी असते. ती वाचताना अडचण अशी येते की बाटलीवरचं नाव तिथे क्वचितच सापडतं. ॲसेटिकच्या शीटमध्ये 'स्ट्राँग ऑक्सिडायझिंग एजंट्स' एवढंच छापलेलं असू शकतं, नायट्रिकचा उल्लेखही नसतो. वाचणारा 'नायट्रिक' शोधतो, त्याला ते दिसत नाही आणि तो पुढे जातो. म्हणून यादीतला प्रत्येक गट आपल्या कपाटातल्या बाटल्यांच्या नावांत मांडून बघा. स्ट्राँग ऑक्सिडायझर म्हटलं की आपल्या लॅबमध्ये नायट्रिक, परमँगनेट, डायक्रोमेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रेट क्षार. 'बेसेस' म्हटलं की कॉस्टिक सोडा, कॉस्टिक पोटॅश आणि अमोनिया. 'ऑरगॅनिक मटेरियल्स' म्हटलं की ॲसिटोन, अल्कोहोल, ॲसेटिक आणि लाकडी फळी सुद्धा.

मग उलट दिशेने वाचा. नायट्रिकच्या १०.५ मध्ये ज्वलनशील आणि सेंद्रिय पदार्थ, अल्क, धातू असे गट दिसतील. एका शीटमध्ये मोघम लिहिलेलं दुसरीत स्पष्ट सापडतं. दोघांपैकी एकीने जरी नाही म्हटलं, तरी ते नाहीच धरायचं. दोन कंपन्यांच्या शीटमध्ये एकाच केमिकलची यादी लांब-आखूड असेल तर लांब यादी माना. आणि '१०.५: नो डेटा अव्हेलेबल' असं दिसलं तर त्याचा अर्थ 'कशाशीही जमतं' असा घेऊ नका. अशी शीट आली तर आम्हाला फोन करा, आम्ही दुसऱ्या उत्पादकाची मिळवून देतो.

सेक्शन ७.२ शेवटी वाचा. थंड, कोरडी, हवेशीर जागा हे तर जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये असतं. त्यापलीकडचं एखादं वाक्य शोधा: बाटली उभीच ठेवा, झाकण कशाचं असावं, धातूच्या फळीवर नको, आणि अशाच सूचना.

मग ठेवायचं कुठे?

नायट्रिक एकटं. सबंध कपाट देता येत नसेल तर निदान स्वतंत्र ट्रे आणि स्वतंत्र कप्पा द्या. हायड्रोक्लोरिकसुद्धा त्याच ट्रेमध्ये नको, कारण दोन्ही गळून मिसळले तर ॲक्वा रेजिया तयार होऊन क्लोरिनयुक्त वायू सुटतात. सल्फ्युरिकलाही वेगळा ट्रे. ट्रेमध्ये आख्खी बाटली रिकामी झाली तरी ती मावली पाहिजे, म्हणजे अडीच लिटरला पावणेतीन लिटरच्या वरचा. पॉलिथिनचा चालतो, पण नायट्रिकखालचा ट्रे अधूनमधून उचलून बघा. तो पिवळा किंवा ठिसूळ झाला असेल तर बदला.

ग्लेशियल ॲसेटिक ज्वलनशील द्रवांच्या कपाटात, ॲसिटोन-अल्कोहोलच्या खालच्या फळीवर, पण आपल्या स्वतःच्या ट्रेमध्ये. अमोनिया सगळ्या आम्लांपासून दूर, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या बाजूला. कुठलंच द्रव आम्ल किंवा अल्क खांद्याच्या उंचीच्या वर ठेवू नका.

फळी कशाची आहे हेही बघा, कारण तीही त्या यादीत येते. आपल्याकडे बऱ्याच जुन्या लॅबमध्ये कडप्प्याच्या फळ्या आहेत. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे कार्बोनेट, आणि आम्लांच्या सेक्शन १० मध्ये कार्बोनेट सापडतं. हायड्रोक्लोरिकचा थेंब त्यावर पडला की फेस येतो आणि दगड खरखरीत होतो. बाटलीखाली पांढरट, गोल ठसा उमटलेला दिसला तर ती बाटली बुडाशी ओली राहते आहे असं समजा. लाकडी फळीवर नायट्रिक नकोच. आणि नायट्रिक सांडलंच तर भुसा किंवा फडकं टाकू नका, दोन्ही पेट घेऊ शकतात. सेक्शन ६ सांगतो त्याप्रमाणे कोरडी वाळू वापरा आणि ती बादलीत आधीच भरून ठेवा.

चुकलंय हे कसं ओळखावं

चवथीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं की जवळून निरखा. आठवडाभर दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन बंद आणि हवेत ओल, त्यामुळे आतली बाष्पं तिथेच साचतात. बाटल्यांच्या खांद्यावर आणि लेबलवर पिठासारखा पांढरा थर दिसला तर तो बहुधा अमोनियम क्लोराइडचा. तो थर पुसून काम संपत नाही. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक दोन्हींच्या झाकणांतून वायू निसटतो आहे आणि दोन्ही जवळ आहेत, असं तो सांगतो. झाकणं तपासा आणि एकाला हलवा. लोखंडी बिजागऱ्या फक्त आम्लाच्या कप्प्यापाशीच जास्त गंजल्या असतील तर तिथलं एखादं झाकण नीट बसत नाही. सगळीकडे सारख्याच गंजल्या असतील तर मात्र तो बहुतेक आपल्या पावसाळ्याचा गंज असतो. नायट्रिकच्या बाटलीत द्रवाच्या वर तपकिरी धूर दिसला तर ती उजेडात किंवा उष्णतेत राहिली आहे. ती उघडताना फ्यूम हूडमध्येच उघडा.

टाकाऊ बाटलीलाही हेच लागू

फळी नीट लावूनही गफलत होते ती टाकाऊ द्रवाच्या बाटलीत. प्रॅक्टिकल संपताना कोणी ॲसिटोनने भांडी धुतो आणि ते पाणी 'ॲसिड वेस्ट' लिहिलेल्या बाटलीत ओततो. आत नायट्रिक असेल तर वायू तयार होत राहतो, आणि झाकण घट्ट लावलेलं असेल तर बाटली फुटू शकते. म्हणून नायट्रिकच्या वेस्टला वेगळी बाटली द्या, तिच्यावर 'सेंद्रिय द्रव ओतू नये' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि झाकण वायू सोडणारं लावा. अशी झाकणं आमच्याकडे मिळतात, पुढच्या ऑर्डरबरोबर सांगा.