टाके सुकले म्हणजे जखम भरली का?

सिझर होऊन घरी आलेल्या बाईला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. आल्या दिवशी सांगतात, "टाक्यांना पंधरा दिवस पाणी लागू द्यायचं नाही." आणि पंधरा दिवसांनी म्हणतात, "टाके सुकले ना, मग कर आता हळूहळू कामं." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. कातडी जुळणं आणि जखमेत बळ येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये कित्येक आठवड्यांचं अंतर असतं.

सिझरमध्ये ओटीपोटाच्या खालच्या भागात आडवा छेद घेतात. त्याखाली चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचं पांढरं, चिवट आवरण, त्याखाली स्नायू, पोटाचं आतलं अस्तर आणि शेवटी गर्भाशय. स्नायू बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात. बाकीचे थर उघडावे लागतात. आपल्याला दिसते ती फक्त वरची रेघ.

ही वरची रेघ फार लवकर मिटते. छेदाच्या दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत एकमेकींकडे येतात आणि साधारण 24 ते 48 तासांत पातळसा का होईना, पण सलग पडदा तयार होतो. म्हणून अंघोळीला घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांनी पाणी न शिरणारी पट्टी लावली असेल, तर ती त्यांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत राहू द्यावी. पट्टी निघाल्यावर रोज तांब्याने किंवा शॉवरने पाणी वरून वाहू द्यायचं. साधा साबण हातावर घेऊन फेस अलगद फिरवायचा, घासायचं नाही, आणि मग वेगळ्या स्वच्छ टॉवेलने टिपून घ्यायचं. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, तूप किंवा दुकानातून आणलेली पावडर यांतलं काहीही टाक्यांवर लावायची गरज नसते. पेरॉक्साइड तर नव्याने आलेल्या पेशींनाच इजा करतं. धुरीच्या शेगडीपासूनही टाके लांब ठेवावेत. टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, भाजलं तरी पटकन कळत नाही.

मुंबईत खरी अडचण पाण्याची नसून घामाची आहे. बाळंतपणानंतर पोटाची घडी नेमकी टाक्यांवर येते, तिथे हवा लागत नाही आणि ओल साचते. अंघोळीनंतर पाचदहा मिनिटं पंख्याखाली उताणं पडून घडी हाताने वर धरावी. नंतर घडीत स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ती ओलसर लागली की बदलावी. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. आतले कपडे इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावेत. त्यांचं इलॅस्टिक टाक्यांच्या वर, बेंबीजवळ यायला हवं.

आता बळाकडे वळू, कारण मला यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. जखमेला ताकद देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास तंतू विणणाऱ्या पेशी जखमेत उतरतात आणि आधी घाईघाईने पातळ, विस्कळीत कोलॅजन टाकतात. पुढचे कित्येक महिने ते मोडून जाड, ताणाच्या दिशेने रचलेलं कोलॅजन बसवण्याचं काम चालतं. ढोबळ आकडे असे आहेत: पहिल्या आठवड्याअखेर जखमेचं बळ मूळ कातडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं, तीन आठवड्यांनी वीस ते तीस टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के. पूर्ण शंभर टक्के कधीच होत नाही. आतलं चिवट आवरणही सावकाशच भरतं.

मग सुरुवातीला पोट कशावर टिकतं? आतल्या धाग्यावर. स्लॅब पक्का होईपर्यंत सेंट्रिंग जसं भार पेलतं, तसा हा धागा. पण हे सेंट्रिंग आपोआप विरघळत जातं. नेहमीच्या विरघळणाऱ्या धाग्यांपैकी एकाची निम्मी ताकद तीन आठवड्यांत गेलेली असते. म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात धागा भार सोडत असतो आणि नवं कोलॅजन तो उचलत असतं. दुखणं कमी होऊन बाईला "आता मी बरी आहे" असं वाटतं, तेही नेमकं याच सुमारास. म्हणून टाके सुकलेले दिसले तरी सहा आठवडे जपायला सांगतात.

बाळापेक्षा जड काही उचलू नये, हा नियम प्रयोगातून नेमका मोजून आलेला नाही. तो सावधगिरीचा आहे, पण लक्षात ठेवायला सोपा आहे. सकाळी ठरलेल्या वेळेत पाणी येणाऱ्या चाळीत भरलेली बादली पंधरा किलोंच्या पुढे जाते, म्हणजे पाच बाळांएवढी. बादली, पिंप, सिलिंडर आणि कडेवर यायला रडणारं थोरलं मूल, हे सगळं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. पोटातला दाब वजनाइतकाच श्वास रोखून कुंथल्यानेही वाढतो. म्हणून उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावं, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी आणि बद्धकोष्ठ झाल्यास डॉक्टरांना औषध विचारावं.

"आंबट खाल्लं की टाके पिकतात" ही समजूत मात्र खरोखर नुकसान करते. कोलॅजनचे तंतू एकमेकांना घट्ट बांधायला क जीवनसत्त्व लागतंच. पू होतो तो जिवाणूंमुळे. बाळंतिणीचं लिंबू, आवळा, डाळ आणि अंडी बंद करणं म्हणजे विणणाऱ्या पेशींचा कच्चा माल तोडणं.

आता जंतुसंसर्ग. तो बहुतेक वेळा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे घरी आल्यावर दिसतो. जिवाणूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी कोलॅजन विरघळवणारी विकरंही सोडतात. पिकलेली जखम उसवते ती यामुळे.

समजा, लालबागमधल्या एका बाळंतिणीला सातव्या दिवशी टाक्यांच्या डाव्या टोकाला ठणका लागला. कालपर्यंत दुखणं रोज कमी होत होतं, आज वाढलंय. पहिली खूण हीच. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, जांभळट काळसर छटा दिसते. म्हणून तिने हाताची मागची बाजू लावून पाहिलं, तर तो भाग गरम आणि टणक लागला. कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि संध्याकाळपर्यंत रंग रेघेबाहेर गेला. पॅरासिटमॉल ताप झाकतं, म्हणून गोळीआधी ताप मोजला, तो 100.6 निघाला. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एखाददुसरा पिवळसर पातळ थेंब येणं वेगळं. घट्ट, दुर्गंधी येणारा स्राव म्हणजे पू. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास येऊ लागला, तर संसर्ग गर्भाशयात असू शकतो.

काही वेळा मात्र संध्याकाळपर्यंतही थांबायचं नसतं. अचानक गुलाबी, पाणीदार स्रावाने कपडा भिजला, तर आतलं आवरण उसवलेलं असू शकतं. दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, तासातासाला पसरणारा जांभळा रंग, धाप किंवा ग्लानी ही जिवावरची लक्षणं आहेत. 108 ला फोन करावा.

आपल्या बाळंतिणीचं वेळेत ध्यानात आलं. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून ती घरी बसली असती, तर उपयोग झाला नसता, कारण साचलेल्या पुवापर्यंत औषध नीट पोहोचत नाही. डॉक्टर त्या टोकाचे एक-दोन टाके उघडतात, पू वाहू देतात आणि तपासणीला पाठवतात. उघडा भाग बहुधा पुन्हा शिवत नाहीत. रोज ड्रेसिंग करून तो तळापासून भरू देतात, त्याला काही आठवडे लागतात. स्तनपानात चालणारी अँटिबायोटिक्स असतात, त्यामुळे बाळाला पाजणं सहसा थांबवावं लागत नाही.