सवलतीचं कूपन नेमकं कुणाला?

“आपल्या किराणा दुकानाचे ५५५ गुणांचे मेंबर म्हणजे आपलं सोनं. टिकवायची ऑफर आधी त्यांनाच द्यायची ना?”

नाही. शेवटची खरेदी कधी, वर्षात बिलं किती आणि रक्कम किती, या तिन्हींसाठी प्रत्येक मेंबरला १ ते ५ गुण मिळतात. तिन्हींत ५ मिळवणारे, म्हणजे ५५५ वाले, परवाच येऊन गेलेत, उद्याही येतीलच. त्यांना ५० रुपये सूट म्हणजे किराण्याच्या तुटपुंज्या नफ्यातून वाटलेली खिरापत. ऑफर हवी ती पूर्वी भरपूर न्यायचे आणि आता दिसेनासे झाले, त्यांना.

पण इथेही गफलत होते. समजा, दोन घरांची शेवटची खरेदी २६ दिवसांपूर्वीची आहे. एक घर पगार झाला की महिन्याचं सामान भरतं, दुसरं दर चार दिवसांनी यायचं. शेवटच्या खरेदीच्या खान्यात दोघांना गुण सारखेच! म्हणून गेलेले दिवस त्या घराच्या नेहमीच्या अंतराने भागा. २६ भागिले ३०, एकाच्या आत, काळजी नको. २६ भागिले ४, साडेसहा. हे घर बहुधा दुसऱ्या दुकानाकडे वळलंय.

अशा घरांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून, कूपन देऊच नका. कूपन न मिळालेली घरंही त्याच प्रमाणात परतली, तर सूट वाया गेली असं समजा.